डिस्चार्ज कार्ड घरच्यांना समजेल असं कसं लिहावं (आणि ‘लघवीची गोळी’ असं का लिहू नये)

मी लातूरकडं एका दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. डिस्चार्जच्या दिवशी इंग्रजी कार्डावरनं मराठी कागद करून द्यायचं काम हळूहळू माझ्याकडंच आलं. “सोपं लिहा, थोडक्यात लिहा” हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकलं तरी डोकं उठतं, कारण थोडक्यात लिहिल्यामुळंच माझा एक पेशंट नवव्या दिवशी परत ॲडमिट झाला होता.

हृदयाचं पंपिंग कमी झालेला पेशंट धरून सांगते, कारण कार्ड सगळ्यात जास्त चुकतं ते याच आजारात. औसा तालुक्यातले एक आबा, वय 64, पायावर सूज, दम लागत होता, पाच दिवसांत बरे होऊन निघाले. कार्डावर होतं ते असं: फ्युरोसेमाइड 40, 1-1-0. मेटोप्रोलॉल 25, 1-0-0. स्पायरोनोलॅक्टोन 25, 1-0-0. पाणी दिवसाला दीड लिटर, मीठ कमी, रोज वजन, 7 दिवसांनी किडनी आणि पोटॅशियमच्या तपासणीसह दाखवणे.

पहिलं काम म्हणजे कार्ड घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि जे रिकामं आहे ते भरून घ्या: कुठली गोळी कधीपर्यंत, कुठली बंद. नुसतं “कंटिन्यू” लिहिलं असेल तर काय कंटिन्यू ते विचारा. आजाराचं नाव दोन ओळींत संपवा, “हृदय रक्त पुरेशा जोरानं ढकलत नाही म्हणून पाणी अंगात साचतं” एवढं पुरे.

आता गोळ्या. खरं काम इथंच आहे.

मी तेव्हा फ्युरोसेमाइडसमोर लिहिलं होतं, “लघवीची गोळी, दिवसातून दोनदा.” मला वाटलं किती सोपं लिहिलं. आबा परत आले तेव्हा सुनेला विचारलं तर ती म्हणाली, “सिस्टर, लघवी तर चांगली व्हायलीय त्यांना, मग लघवीची गोळी कशाला द्यावं? तिसऱ्या दिवशीच बंद केली.” तिचं काहीच चुकलं नव्हतं. खोकल्याची गोळी खोकला थांबला की बंद करतात, तापाची ताप उतरला की, मग लघवीची लघवी झाली की. मी गोळीचं काम लिहायच्या ऐवजी तिचा परिणाम लिहिला होता. दुसरी चूक “दोनदा” ची. 1-1-0 म्हणजे सकाळी आणि दुपारी, रात्री नाही, पण आपल्याकडं दोनदा म्हणलं की सकाळ-संध्याकाळच असतं. पहिले दोन दिवस आबांनी दुसरी गोळी जेवून झोपताना घेतली, रात्रभर चार-पाचदा उठले आणि एकदा अंधारात उंबऱ्याला अडखळून पडले. म्हणून तर ती गोळी घरात आधीच बदनाम झाली होती.

आता तीच ओळ मी अशी लिहिते:

“फ्युरोसेमाइड 40. अंगात आणि छातीत साचलेलं पाणी बाहेर काढणारी गोळी. सकाळी 8 ला एक, दुपारी 2 ला एक. रात्री नाही. घेतल्यावर लघवी जास्त होणार, म्हणजे गोळी काम करतेय. सूज उतरली तरी चालूच ठेवायची, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद.”

लांब झाली, होऊ द्या. शब्द सोपे करायचेत, सूचना छोटी करायची नाही. गोळीचं नाव, मिलीग्रॅम, किती, कधी, कशासाठी आणि कधीपर्यंत, या सहातलं एकही गाळलं की ती जागा घरचे आपल्या मनानं भरतात. वेळ घड्याळातली लिहा, नुसतं “जेवणानंतर” नको. शेतावर जाणाऱ्या घरात भाकरी दहाला होते आणि मग थेट दिवस मावळल्यावर, दुपारचं जेवण कधी असतं कधी नसतं. आणि गावाला जायच्या दिवशी एसटीत पंचाईत नको म्हणून ही गोळी हटकून चुकवतात, तेव्हा त्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का, किती उशिरा, हे डॉक्टरांनाच विचारून कागदावर टाका. विचारलं नाही तर ते सरळ सोडतात.

यापुढची भानगड म्हणजे घरातली जुनी पिशवी. प्रत्येक घरात असते, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात नाहीतर फ्रिजवर. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच कुणाला तरी ती आणायला लावा, फोनवर नावं वाचून घेऊ नका. आबांच्या पिशवीत (दुसऱ्यांदा ॲडमिट झाले तेव्हा शहाणी होऊन मागवली) तीन गोष्टी निघाल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी दिलेली टॉर्सेमाइड होती, म्हणजे तीही पाणीच काढणारी, दोन्ही चालू झाल्या असत्या तर बीपी उतरून चक्कर आली असती आणि किडनीवर ताण. मेटोप्रोलॉलचं 50 चं पाकीट होतं, आणि डॉक्टरांनी आता 25 केलं होतं, नाव तेच म्हणून सूनबाई जुनंच संपवत होती. आणि गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅक, मेडिकलवरनं सुटी आणलेली. ही सगळ्यात वाईट, कारण असल्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीलाही त्रास देतात, आपण एका बाजूनं पाणी काढतोय आणि ही दुसरीकडनं भरतेय. पण गुडघा दुखतोच ना माणसाचा, म्हणून नुसतं बंद लिहू नका, दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांकडनं घेऊन तिथंच लिहा.

म्हणून माझ्या कागदावर आता “चालू” च्या खाली “बंद” चा वेगळा चौकोन असतो. त्यात नाव लिहिते आणि बंद का ते एका ओळीत: “टॉर्सेमाइड बंद, कारण फ्युरोसेमाइड तेच काम करते.” आणि बंद झालेली पाकिटं समोरच पिशवीतनं बाहेर काढते. घरी न्या म्हणलं की परत त्याच कप्प्यात जातात. गोळी रंगावरनं ओळखायला मात्र शिकवू नका, “पांढरी सकाळी, पिवळी दुपारी” हा सल्ला देणाऱ्यांचा मला लई राग येतो. पुढच्या महिन्यात मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची देतो, रंग बदलतो, झालं. वाचता येत नसेल तर पाकिटावरच मार्करनं सूर्य काढा, सकाळी उगवता, दुपारी डोक्यावर. नवं पाकीट आणलं की जुन्यावरचं नाव आणि आकडा जुळवून मगच त्यावर सूर्य, हे नातवाला सांगून ठेवा, तो करतो.

पाणी. “पाणी कमी प्या” हे वाक्य खोडून टाका, त्याला काही अर्थ नाही, दिवसाला सहा लिटर पिणारा माणूस चारवर येतो आणि म्हणतो कमी केलं. सकाळी मोजून दीड लिटर पाणी एका भांड्यात भरून ठेवायचं, पेशंटनं त्यातलंच प्यायचं. चहा, ताक, पातळ वरण घेतलं तर तेवढंच पाणी भांड्यातनं काढून दुसऱ्या कुणाला द्यायचं. भांडं रिकामं झालं की दिवसाचं संपलं. उन्हाळ्यात आपल्याकडं 42-43 डिग्री होतं तेव्हा दीड लिटर पुरत नाही अशी तक्रार येतेच, तर ते मनानं वाढवायचं नाही, फोन करून विचारायचं, हेही लिहा.

मिठाचं माप दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, तेही सगळं धरून. भाजीत मीठ टाकायच्या आधी पेशंटची वाटी बाजूला काढा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद, ठेचा खायचाच असेल तर बिनमिठाचा. सैंधव चालतं असं घरोघरी समजतात, नाही चालत, तेही मीठच. आणि “कमी सोडियमचं मीठ” म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात ते आधीच वाढायला बघतं आणि जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ते आणू नका असं नावानिशी लिहा. सातव्या दिवशीची रक्ताची तपासणी त्याचसाठी आहे. मराठी कागदावर ती नेमकी गळते, “आठ दिवसांनी दाखवा” एवढंच उरतं. त्यात आपलं आठ दिवस म्हणजे कधी सात, कधी आठ, कधी “पुढच्या बाजाराला जाऊ की”. तारीख आणि वार लिहा, खाली “आधी रक्त द्यायचं, मग डॉक्टर”.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि कॅलेंडरवर आकडा. काटा नसेल तर नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबायला शिकवा, खड्डा राहिला तर सूज आहे.

“त्रास वाटला तर या” असं कधीच लिहू नका. खेड्यात त्रास वाटल्याशिवाय कोण येतं, आणि आले तरी तेव्हा उशीर झालेला असतो. मी दोन भाग करते. त्याच दिवशी फोन: तीन दिवसांत वजन 2 किलो किंवा जास्त वाढलं, पायाला सूज परत आली, उशी वाढवल्याशिवाय झोप येईना, उठल्यावर चक्कर येते, उलट्या-जुलाब लागलेत (तेव्हा पाणी काढणाऱ्या गोळीचं काय करायचं ते फोनवरच विचारा). लगेच 108: बसल्या जागी दम लागतोय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपली, गुलाबी फेस येतोय. फोन नंबर कुणाचा, रात्री कोण उचलतं, तेही खाली. ही वाक्यं तयार झाली की डॉक्टरांना एकदा वाचून दाखवा आणि सही घ्या, भाषा आपली असली तरी जबाबदारी त्यांची आहे.

शेवटी कागद कुणाच्या हातात देताय ते बघा. बिल भरणारा पोरगा कागद घेतो, घडी घालून खिशात टाकतो आणि पुण्याला जातो. गोळ्या देणार असते सून नाहीतर आजी. तिला बोलवा, समोर पाकिटं ठेवा आणि “समजलं का” विचारू नका, सगळे हो म्हणतात. म्हणा, “ताई, उद्या सकाळी काय काय द्याल ते मला काढून दाखवा.” दुसऱ्या वेळी आबांच्या सुनेनं फ्युरोसेमाइड काढली, स्पायरोनोलॅक्टोन काढली आणि मग सवयीनं 50 चं मेटोप्रोलॉल उचललं, जे मी पाच मिनिटांपूर्वी बाजूला काढलं होतं. म्हणजे माझंच सांगणं अजून पोचलं नव्हतं. परत पहिल्यापासून सांगितलं, मग 25 चं काढलं.

मराठी कागद इंग्रजी कार्डाच्या वर स्टेपल करा, ते कार्ड फेकू देऊ नका. रात्री तालुक्याला नेलं तर तिथला डॉक्टर तेच मागतो.