संत्र्याची गळ आणि धुऱ्यापलीकडची कपाशी

ऑगस्टात अंबियाची हिरवी संत्री पडू लागली. उचलून पाहिली तर सालीवर छिद्र नाही, देठाशी कूज नाही; देठ स्वच्छ सुटलेला. म्हणजे रस शोषणारा पतंग नाही, बुरशी नाही. फळाकडून येणारं ऑक्झिन हे संजीवक कमी पडलं की देठाशी पेशींचा थर सुटतो, ती ही गळ.

शेजारी म्हणाला, "भाऊ, टू-फोर-डी मारा." तेही ऑक्झिनच, पण धुऱ्यापलीकडे कपाशी. जरासा फवारा उडाला तरी तिची पानं भेंडीसारखी होतात. म्हणून जिबरेलिक आम्ल हे दुसरं संजीवक घेतलं: १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम आणि १ किलो युरिया.

पहिल्यांदा भुकटी थेट पाण्यात टाकली, गुठळ्या तळाशी बसल्या. दुसऱ्यांदा आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवली. पंधरवड्यात गळ निम्म्यावर आली.