कॅथेटरच्या लघवीत कॅन्डिडा आला? गोळी लिहिण्याआधी या चुका टाळा

आजोबा अमळनेरकडचे, सत्तरीचे. खळ्यात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, जळगावात ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी सिस्टरला युरोबॅगमधली लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर आमच्या लॅबमध्ये आलं. दोन दिवसांनी रिपोर्ट गेला: कॅन्डिडा, एक लाखाच्या वर कॉलनी. मुलगा रिपोर्ट हातात घेऊन दारात उभा. "डॉक्टर, लघवीमा बुरशी सापडनी म्हणतस, आते काय व्हई?"

ताप नव्हता, ओटीपोटात दुखत नव्हतं, आजोबा भाकरी मागत होते. तरी संध्याकाळी फ्लुकोनाझोल 200 मिलिग्रॅम सुरू झालं.

पहिली चूक गोळीच्याही आधीची. गढूळपणा किंवा वास हे कल्चर पाठवायचं कारण नाही. बरं, पाठवायचंच असेल तर बॅगेतून तरी नको. तिथं लघवी तासन्‌तास साचते आणि जंतू आरामात वाढतात. पोर्टच्या खाली नळी दहा-पंधरा मिनिटं क्लॅम्प करायची, पोर्ट स्पिरिटने पुसायचा आणि सिरिंजने नमुना ओढायचा. कॅथेटर जुना असेल तर तो बदलून नव्यातून घ्यावा. पुष्कळदा दुसऱ्या नमुन्यात कॅन्डिडा सापडतच नाही.

दुसरी चूक आकड्याला घाबरण्याची. कॅथेटर असताना एक लाख कॉलनी म्हणजे संसर्ग आणि दहा हजार म्हणजे काही नाही, असा हिशेब कॅन्डिडाला लागू होत नाही. पस सेल्सवरूनही काही ठरत नाही, कारण नळीच्या घर्षणानेही त्या वाढतात. आठवडाभर अँटिबायोटिक चाललेली असते, आतले नेहमीचे जंतू मरतात आणि मोकळ्या जागेत बुरशी नळीला चिकटून थर धरते. ती तिथं वसाहत करून राहते, एवढंच.

म्हणूनच औषध कुचकामी ठरतं. 2000 साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. लक्षणं नसलेल्या रुग्णांना चौदा दिवस फ्लुकोनाझोल किंवा नुसती खोटी गोळी दिली. औषधवाल्यांची लघवी लवकर साफ झाली खरी, पण औषध थांबल्यावर दोन आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. उलट नुसता कॅथेटर काढला तर बऱ्याच जणांची लघवी आपोआप साफ होते. त्यामुळे रिपोर्ट आल्यावर पहिला प्रश्न हा: नळी अजून का आहे? आमच्या आजोबांच्या केसपेपरवर याचं उत्तर कुठंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर 52. ते मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेत होते. ही गोळी यकृतातलं जे एन्झाइम मोडतं, तेच फ्लुकोनाझोल अडवतं. मग ग्लिमेपिराइड रक्तात साचते आणि साखर घसरते. वॉरफरिनबाबतही तसंच, फक्त तिथं धोका रक्तस्रावाचा. लक्षणं नसतील तर नुसता मधुमेह हे बुरशीचं औषध देण्याचं कारण नाही, हेही इथंच सांगतो. साखर दिली, फ्लुकोनाझोल बंद केलं, कॅथेटर काढला. दुपारी आजोबांना आपणहून लघवी झाली. सोनोग्राफीत मूत्राशयात फारशी शिल्लक नव्हती. पुन्हा कल्चर केलं नाही, गरजच नव्हती.

मग औषध कधी द्यायचं? जळजळ, ओटीपोटात दुखणं अशी लक्षणं असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तेव्हा. रुग्णाचे न्यूट्रोफिल खूप घटले असतील, बाळ दीड किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, किंवा मूत्रमार्गात दुर्बीण वा शस्त्रक्रिया होणार असेल, तर लक्षणं नसली तरी. शस्त्रक्रियेच्या वेळी आधी आणि नंतर काही दिवस औषध देतात.

चौथी चूक याच्या उलटी. आयसीयूत पोटाचं ऑपरेशन झालेला, सेंट्रल लाइन असलेला रुग्ण, ताप उतरत नाही आणि लघवीत कॅन्डिडा आला. इथं "वसाहत आहे, सोडा" म्हणणं महागात पडतं. बुरशी रक्तातून मूत्रपिंडात उतरलेली असू शकते. आधी ब्लड कल्चर पाठवा आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफीही करा, कारण बुरशीचा गोळा मार्ग अडवून बसला असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही.

औषध निवडतानाही एक घोळ होतो. मूत्राशयाच्या त्रासाला फ्लुकोनाझोल रोज 200 मिलिग्रॅम, दोन आठवडे, मूत्रपिंडाचं काम पाहून. ते लघवीत भरपूर उतरतं. पण फ्लुकोनाझोलला सहसा दाद न देणारी कॅन्डिडाची ग्लाब्राटा किंवा क्रुसी जात निघाली की काही जण महागडं कॅस्पोफंजिन किंवा लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन लिहितात. रक्तातल्या बुरशीवर ती उत्तम, पण लघवीत जेमतेम पोचतात. मूत्राशयासाठी अशा वेळी साधं, जुनं, स्वस्त अॅम्फोटेरिसिन वापरतात, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून.