माइकचा आवाज फाटू नये आणि बुडूही नये, यासाठी लेव्हल कशी लावावी

OBS आणि यूएसबी माइक वापरणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. आवाज फाटला की लोक OBSमधला स्लायडर खाली ओढतात. त्याने काही सुधारत नाही. लहरीचा माथा माइकमध्येच छाटला गेला असेल, तर तो छाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. त्यामुळे गेन आधी माइकच्या नॉबवर कमी करा. नॉब नसेल, तर विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधला Input volume खाली आणा. OBSचा स्लायडर 0 dB वरच राहू द्या.

बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे साधारण -20 ते -10 च्या दरम्यान हलला पाहिजे. चाचणी हळू आवाजात घेऊ नका. मोठ्याने हसा, ओरडून एक वाक्य म्हणा. तेव्हाही काटा -6 च्या वर जात नसेल, तर गेन बरोबर आहे.

आता गोंगाट. OBSमधला गोंगाट दाबणारा Noise Suppression फिल्टर लावण्याआधी माइक जवळ घ्या. समजा, 40 सेंटीमीटरवरून बोलताना तुमचा आवाज -18 वर आणि पंख्याची घरघर -42 वर दिसते. माइक 20 सेंटीमीटरवर आणला की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते. मग गेन 6 ने उतरवा. आवाज पुन्हा -18 वर येतो, पंखा -48 वर जातो. कुठलाही फिल्टर न लावता.

बहुतेकांचा आवाज बिघडतो तो पुढच्या पायरीवर. पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एकावर एक लावलेले फिल्टर. विंडोजचं Audio enhancements, माइकच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, मीटिंगचं अॅप आणि OBS, सगळे एकाच वेळी गोंगाट काढत बसतात. पहिल्या फिल्टरने कुरतडलेला आवाज दुसऱ्याला आणखीच गोंगाटासारखा वाटतो. एकच ठेवा, बाकीचे बंद करा.

OBSच्या Noise Suppressionमध्ये Speex ही पद्धत निवडलीत, तर गोंगाट दाबण्याची पातळी आपोआप -30 वर येते. एवढी कशाला? -10 पासून सुरू करा आणि दर वेळी 5 ने खाली जात रेकॉर्ड करा. ‘सहा शहाण्यांनी फणस सोलला’ असं काहीतरी म्हणा, कारण स, श आणि फ यांचा ध्वनी पंख्याच्या सळसळीशी मिळताजुळता असतो आणि फिल्टर आधी त्यांनाच खातो. मग हेडफोन लावून ऐका. शब्दांची शेपटं गायब होत असतील किंवा ‘स’ बुळबुळीत वाटत असेल, तर एक पायरी मागे या. मागे थोडी घरघर उरली तरी चालेल. गिळलेले शब्द नंतर परत आणता येत नाहीत.

त्याच फिल्टरमधल्या RNNoise या दुसऱ्या पद्धतीला पातळीचा स्लायडर नाही. ती तुमच्या आवाजाला मानवत नसेल, तर Speexकडेच या.