एक फ्रेम स्वच्छ दिसली म्हणून रात्रभराचा रेंडर लावू नका

ब्लेंडरच्या सायकल्समध्ये ॲनिमेशन करणारे नवखे बहुतेक एकाच जागी अडतात. एक फ्रेम रेंडर होते, डीनॉइझर चालू असतो, भिंत स्वच्छ दिसते आणि रात्रभराचा रेंडर लागतो. सकाळी व्हिडिओ चालवला की तीच भिंत खदखदत असते. तो वैताग मला अजून आठवतो.

होतं असं की ओपन इमेज डीनॉइझ हा डीनॉइझर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र बघतो. आधीच्या फ्रेममध्ये काय ठरवलं होतं, ते त्याला ठाऊक नसतं. 64 सॅम्पलमध्ये अंधाऱ्या कोपऱ्याची माहितीच अपुरी येते, उरलेलं तो अंदाजाने भरतो. पुढच्या फ्रेमला नॉइझचे दाणे वेगळे पडले की अंदाजही बदलतो. एकेकटी फ्रेम पाहिली तर दोन्ही अंदाज पटतात. सलग चालवल्या की डाग हलतात. म्हणून एका फ्रेमवरून सॅम्पल ठरवूच नका. कधीच नाही!

‘Seed कायम ठेव, खदखद जाईल’ असं सांगणारे गुरू भेटतील. Seed म्हणजे दाण्यांची नक्षी ठरवणारा आकडा. कॅमेरा स्थिर असेल तर थोडंफार चालतं. कॅमेरा हलला की दाण्यांची नक्षी पडद्याला चिकटून राहते आणि मळक्या काचेआडून खोली सरकल्यासारखी दिसते. Seed शेजारचं घड्याळाचं चिन्ह चालू करा आणि मोकळे व्हा.

समजा, खिडकीच्या उजेडातली खोली आहे आणि कॅमेरा सावकाश सरकतोय. कॅमेऱ्यातून बघत कपाटाखालच्या काळोख्या कोपऱ्याभोवती Ctrl+B ने चौकट आखा. तेवढाच भाग सलग 12 फ्रेम रेंडर करा, म्हणजे 24 च्या गतीने अर्धा सेकंद, आणि तो पुन्हापुन्हा फिरवून बघा. आधी 64, मग 256, मग 1024. खदखद जिथे डोळ्यांना जाणवेनाशी होते, तिथे थांबा. चौपट सॅम्पल घेतले की नॉइझ निम्माच होतो, वेळ मात्र जवळपास चौपट लागतो. 10 सेकंदांच्या शॉटला 240 फ्रेम. फ्रेमला 30 सेकंद लागले तर 2 तास, चौपट केलं तर 8. घाबरू नका, चौकटीतल्या चाचण्यांना फार वेळ जात नाही.

Max Samples वाढवूनही वेळ तेवढाच लागतोय? मग Noise Threshold आधीच सॅम्पलिंग थांबवतोय. तो 0.1 वर असेल तर 0.01 कडे खाली आणा. नुसता वरचा आकडा फुगवून काही होत नाही.

आणि रेंडर थेट व्हिडिओत काढू नका. Denoise बंद ठेवून, Denoising Data पास चालू करून मल्टिलेयर EXR फाइली काढा, आणि कंपोझिटरमधल्या Denoise नोडला इमेजसोबत अल्बेडो व नॉर्मल जोडा. लाकडाच्या रेषा पुसल्या गेल्या तरी फक्त नोड बदलून बघता येतं, 8 तास पुन्हा जळत नाहीत.