को-वर्किंगचा मंथली डेस्क सोडताय? नोटीसच्या मेसेजमध्ये या चुका टाळा

सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा होतो. समजा तुमचा प्लॅन दर महिन्याच्या 1 तारखेला रिन्यू होतो आणि नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. तुम्ही 5 जूनला मेसेज टाकला तर 30 दिवस 5 जुलैला भरतात, म्हणजे तोवर जुलैचं बिल लागलेलं असतं, आणि बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये अर्ध्या महिन्याचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे पाच दिवसांसाठी अख्खा महिना भरावा लागतो. तोच मेसेज 31 मेला गेला असता तर 30 जूनला सुटका. म्हणून आधी ॲग्रीमेंट उघडा आणि नोटीस कुठल्याही दिवसापासून मोजतात की पुढच्या बिलिंग सायकलपासून, ते बघा. सायकलपासून मोजत असतील तर 5 जूनच्या मेसेजचे दिवस 1 जुलैपासून सुरू होतील, म्हणजे जुलै तर भरायचाच.

दुसरी चूक म्हणजे गुळमुळीत लिहिणं. "पुढच्या महिन्यापासून बहुतेक येणार नाही, बघू" असं मॅनेजरला पाठवलं तर ती नोटीस नाही, नुसत्या गप्पा झाल्या, आणि तो तरी कशाच्या जोरावर तुमचा प्लॅन बंद करणार? कारण द्यायलाच हवं असंही नाही, उलट "रेट जास्त वाटतोय" लिहिलंत की डिस्काउंटची बोलणी सुरू होतात आणि त्यात चार-पाच दिवस सहज जातात. एवढं पुरतं:

"नमस्कार सर, माझा डेस्क नंबर 14 चा मंथली प्लॅन मला बंद करायचा आहे. ॲग्रीमेंटप्रमाणे ही 30 दिवसांची नोटीस, आज 31 मे. माझा शेवटचा दिवस 30 जून. जुलैचं बिल लावू नका आणि जूनचं बिल गेल्यावर ऑटो-पे बंद करा, प्लीज. ॲक्सेस कार्ड आणि लॉकरची चावी 30 तारखेला देतो. डिपॉझिट कधीपर्यंत परत मिळेल तेही कळवा. मेसेज मिळाला असं रिप्लायमध्ये लिहा."

यातलं शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. मॅनेजर तोंडी "हो हो, चालेल" म्हणतो, महिनाभरात त्याच्या जागी दुसरा कोणी येतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं. ॲग्रीमेंटमध्ये नोटीस ईमेलवर द्या असं असेल तर व्हॉट्सॲपवर सांगून थांबू नका, हाच मजकूर त्या आयडीवर पाठवा. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलला रिप्लाय करून विचारा, नवीन मेल नको, म्हणजे पहिली तारीख खालीच दिसत राहते.

आणि हो, डिपॉझिटमधून शेवटचा महिना वळता करून घ्या असं परस्पर ठरवून पेमेंट थांबवू नका. त्यांनी लेखी हो म्हटलं नसेल तर ते थकबाकी धरतात, लेट फी लावतात, कार्डही बंद करू शकतात, मग नोटीसमधले राहिलेले दिवस डेस्कही वापरता येत नाही. ऑटो-पेसुद्धा शेवटचं देय बिल गेल्यावरच स्वतःच्या बाजूनं बंद करा.