सारखी दिसणारी दोन अ‍ॅल्युमिनियमची भांडी: जाड कोणतं, ते कसं ओळखावं?

एकाच मापाची दोन भांडी समोर ठेवली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दिसायला तर दोन्ही सारखीच, मग याचे एवढे जास्त पैसे कसले?" "जाड आहे म्हणून" या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. तेव्हा आधी दोन्ही भांडी, झाकणं काढून, वजनकाट्यावर ठेवा.

समजा, भांडं पसरट आहे: बूड २४ सेंटिमीटर व्यासाचं, उंची ६ सेंटिमीटर, बाजू सरळ. बूड आणि बाजू मिळून साधारण ९०४ चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरचं वजन २.७ ग्रॅम. म्हणजे पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर भांडं ४९० ग्रॅमच्या आसपास भरेल, ४ मिलिमीटरचा असेल तर ९८० ग्रॅम. धातू सरळ दुप्पट लागला. शिवाय जाड पत्रा दाबून घडवायला जोरही जास्त लागतो. दांडा, झाकण, पॉलिश यांचा खर्च मात्र दोन्हींना जवळपास सारखाच, म्हणून किंमत दुप्पट असायलाच हवी असं काही नाही.

हाच हिशेब उलटा केला की दुकानात उभ्या उभ्या जाडी काढता येते. वर सांगितलेल्या मापाचं एक भांडं ६८० ग्रॅम भरलं. दांड्याचे अंदाजे १०० ग्रॅम वजा केले, राहिले ५८०. ९०४ ला २.७ ने गुणलं की येतात २४४१. ५८० ला २४४१ ने भागलं, उत्तर आलं ०.२४ सेंटिमीटर, म्हणजे पत्रा सुमारे २.४ मिलिमीटरचा. ही अर्थात सरासरी झाली. काही भांड्यांचं बूड जाड आणि बाजू पातळ ठेवलेल्या असतात. काठावरून जाडी ठरवायला मात्र जाऊ नका. काठ बाहेर वळवून दुमडलेला असला की पातळ भांडंही हाताला भरदार लागतं, आणि फसगत होते ती इथेच. भांड्यावर गेज लिहिलेला असेल तर एवढं ध्यानात ठेवा की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: ८ गेज म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे सुमारे २.

आता उष्णतेचं. गॅसची ज्योत बुडाच्या सगळ्या भागाला लागत नाही, ती एका कड्यापुरती लागते. बाकीच्या बुडाला उष्णता मिळते ती पत्र्यातूनच आडवी सरकत. जाड पत्र्यात तिला सरकायला जास्त धातू मिळतो. जाडी दुप्पट झाली की तापमानात तेवढाच फरक असताना दुप्पट उष्णता बाजूला जाते. पातळ पत्र्यात ती जिथल्या तिथे साचते आणि थेट वर पदार्थात घुसते. म्हणून पातळ भांड्यात बरोबर ज्योतीच्या आकाराचं कडं करपतं आणि कडेचं कच्चं राहतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी कोरड्या भांड्यात पिठाचा अगदी पातळ, सारखा थर पसरा. भांडं नॉनस्टिक नसावं, कारण तो लेप रिकामा तापवणं बरं नाही. आच मध्यम ठेवा आणि अजिबात ढवळू नका. पातळ भांड्यात थोड्याच वेळात तपकिरी कडं उमटतं, त्याच्या बाहेरचं पीठ पांढरंच असतं. जाड भांड्यात रंग उशिरा येतो, पण आला की बऱ्याच भागावर एकदम पसरतो. कडं दिसलं की गॅस बंद करा, नाहीतर धूर होईल.

जाड भांड्यात धातू जास्त, म्हणून त्यात साठलेली उष्णताही जास्त. थंड पदार्थ टाकल्यावर ते एकदम गार पडत नाही. बूड तापून वाकण्याचा, फुगण्याचा धोकाही कमी. सपाट शेगडीवर वाकलेलं बूड मध्येच टेकतं आणि भांडं डुगडुगतं.

पण नुसतं पाणी उकळायचं असेल तर जाड भांडं घेऊ नका, असं मी विकणारा असूनही सांगतो. पाणी स्वतःच खालीवर फिरून उष्णता सारखी करतं. तिथे पातळ भांडं लवकर तापतं आणि उचलायलाही हलकं. परतायचं, भाजायचं, दूध किंवा दाट पदार्थ आटवायचा, तिथे जाडीचे पैसे वसूल होतात. जाडी वाढवून काही गोष्टी बदलत नाहीत, त्याही ऐका. आंबट पदार्थ साध्या अ‍ॅल्युमिनियमवर जाड असो वा पातळ, परिणाम करतोच. अ‍ॅनोडाइज्ड भांड्याचा करडा थर इतका बारीक असतो की सारखं तापण्यात त्याचा वाटा नाही. आणि इंडक्शन शेगडीवर चालवायचं असेल, तर बुडाला चुंबक लावून पाहा. तो चिकटला नाही, तर भांडं कितीही जाड असलं तरी ती शेगडी बहुधा ते तापवणार नाही.