‘जे सौम्य ते धन्य’: हे वचन पहिल्या श्रोत्यांच्या कानांनी कसे वाचावे

मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, पाचवे वचन. ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ आमच्या घरी हे वचन भिंतीवर होते आणि लहानपणी मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता: मोठ्यांना उलट बोलू नये. मराठीत ‘सौम्य’ म्हटले की मवाळ बोलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अशा माणसाला पृथ्वी कशी मिळणार, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचे उत्तर मूळ ग्रीक शब्दात आहे. तो शब्द ऐकताना पहिल्या श्रोत्यांच्या मनात काय उमटले असेल, ते स्वतः शोधता येते. त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही. एक मराठी पवित्र शास्त्र, एक वही, पेन्सिल आणि निवांत दोन संध्याकाळी पुरेत.

पहिली पायरी: शब्द गाठा आणि तो आणखी कुठे येतो ते पाहा

मत्तयाने वापरलेला शब्द ‘प्राऊस’, त्याचे अनेकवचन ‘प्राएइस’. नव्या करारात हे विशेषण फक्त चार ठिकाणी येते. एक आपले वचन. दुसरे मत्तय 11:29, जिथे येशू ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’ असे म्हणतो. तिसरे मत्तय 21:5, जिथे राजा गाढवावर बसून यरुशलेमेत येतो. चौथे 1 पेत्र 3:4. चारही वचने आधी वहीत उतरवून घ्या. येशू स्वतःबद्दल हा शब्द वापरतो, एवढे ध्यानात ठेवले तरी ‘सौम्य म्हणजे शेळपट’ हा अर्थ डळमळू लागतो.

आता एकविसावा अध्याय थोडा पुढे वाचा. पाचव्या वचनात जो ‘प्राऊस’ राजा आहे, तोच बाराव्या वचनात मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग पालथे करतो. मत्तयाने या दोन गोष्टींमध्ये पानभरही अंतर ठेवलेले नाही. ज्या अर्थात हे दोन्ही प्रसंग मावत नाहीत, तो अर्थ अपुरा आहे.

दुसरी पायरी: वचन कुठून आले ते शोधा

इथे घाई करू नका, कारण सगळी किल्ली इथेच आहे. ‘सौम्य पृथ्वीचे वतन भोगतील’ हे वाक्य डोंगरावर पहिल्यांदा उच्चारले गेले नव्हते. ते स्तोत्र 37 मधल्या अकराव्या वचनातून आले आहे. येशूच्या काळाआधीच हिब्रू शास्त्राचा ग्रीक अनुवाद झाला होता. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. त्या अनुवादात या वचनात हाच शब्द आहे, ‘प्राएइस’. ‘वतन भोगतील’ हे क्रियापदही तेच आहे. म्हणजे मत्तयाने शब्द तत्त्वज्ञांच्या शाळेतून उचललेला नाही; तो प्रार्थनेच्या पुस्तकातून आला आहे, आणि ज्यांना स्तोत्रे पाठ होती त्यांना तो ऐकताच ओळखू आला असणार. आपल्याकडे कीर्तनकाराने अभंगाचा अर्धा चरण म्हटला की उरलेला अर्धा श्रोतेच पुरा करतात, तसेच ते झाले असेल.

म्हणून अख्खे स्तोत्र 37 मोठ्याने वाचा आणि पेन्सिलीने दोन खुणा करा. जिथे संतापू नको, जळफळू नको अशा अर्थाचे शब्द येतात तिथे एक खूण. ती पहिल्या, सातव्या आणि आठव्या वचनात पडेल. जिथे देशाचे किंवा पृथ्वीचे वतन मिळेल असे म्हटले आहे तिथे दुसरी. ती 9, 11, 22, 29 आणि 34 या पाच वचनांत पडेल. आता या पाच ठिकाणी वतन कोणाला मिळते ते वहीत एकाखाली एक लिहा. नवव्या वचनात परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना. अकराव्यात सौम्यांना. बाविसाव्यात त्याने आशीर्वाद दिलेल्यांना. एकोणतिसाव्यात नीतिमानांना. चौतिसाव्यात पुन्हा परमेश्वराची वाट पाहून त्याचा मार्ग धरणाऱ्याला. माणसे तीच आहेत, फक्त नाव बदलते. स्तोत्रकाराने ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ स्वतःच आपल्यापुढे मांडून ठेवला आहे.

आणि हे कोणत्या परिस्थितीत चालले आहे? चौदावे वचन वाचा: दुर्जनांनी तलवार उपसली आहे, धनुष्य वाकवले आहे, दीनदुबळ्यांना पाडायचे आहे. एकविसाव्यात कर्ज घेऊन न फेडणारा दुर्जन आहे. पस्तिसाव्यात तोच दुर्जन हिरव्यागार झाडासारखा फोफावला आहे. म्हणजे ‘प्राएइस’ हे शांत स्वभावाचे सुखवस्तू लोक नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचे फावते आहे. त्यांना चीड येण्याला पुरेपूर कारण आहे, तरी ते त्या चिडीच्या हाती लगाम देत नाहीत आणि न्याय देवाकडे मागतात. एका शास्त्राभ्यासात हे स्तोत्र वाचून झाल्यावर बांधाच्या वादात वर्षानुवर्षे अडकलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, ‘म्हणजे हे आमच्यासारख्यांबद्दल आहे होय!’ त्यांनी एका वाक्यात जे पकडले, ते मला कित्येक टीकाग्रंथ वाचून सापडले नव्हते.

तिसरी पायरी: ग्रीक शब्दाच्या मागचा हिब्रू शब्द ऐका

स्तोत्राच्या मूळ हिब्रूत शब्द आहे ‘अनावीम’, एकवचनी ‘अनाव’. त्याचा सख्खा भाऊ ‘अनी’, म्हणजे दीन, पिचलेला. हिब्रू लिपीत या दोघांच्या अनेकवचनांत एका छोट्या अक्षराचाच फरक आहे आणि जुन्या हस्तलिखितांत ती दोन अक्षरे सहज एकमेकांसारखी दिसतात. जखऱ्या 9:9 मध्ये गाढवावरच्या राजाला हिब्रूत ‘अनी’ म्हटले आहे. ग्रीक अनुवादकाने तिथेही ‘प्राऊस’ लिहिले. तेव्हा यहुदी कानाला ‘प्राऊस’मध्ये दीनपणाचा, वाकवल्या गेलेल्या माणसाचा सूर ऐकू येत होता. मत्तयात ‘जे आत्म्याने दीन’ हा पहिला धन्योद्गार आणि हा ‘सौम्य’चा धन्योद्गार जवळजवळ जुळी भावंडे आहेत, ती याच कारणाने.

हे स्तोत्र त्या काळात लोक खरोखर असे वाचत होते याचा पुरावा मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडला. तिथल्या एका गुंडाळीत स्तोत्र 37 वर ओळीओळीने भाष्य आहे. ‘सौम्य देशाचे वतन पावतील’ या वचनावर तो भाष्यकार लिहितो की हे ‘दीनांच्या मंडळी’विषयी आहे, क्लेशाचा काळ सोसून सुटका पावणाऱ्यांविषयी. म्हणजे आपल्याच समूहाविषयी. येशूच्या पिढीच्या आसपासच हे वचन जिवंत होते आणि लोक त्यात स्वतःला शोधत होते.

एक प्रसंग इथे जरूर वाचा: गणना, अध्याय 12. मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलतात. तिसरे वचन म्हणते की मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा ‘अनाव’ होता. सेप्टुआजिंटमध्ये तिथे ‘अतिशय प्राऊस’ असे आहे. मोशे स्वतःची बाजू मांडत नाही, देव मांडतो. आणि मिर्यामला कोड फुटल्यावर तिला बरे कर म्हणून आकांत करतो तो मोशेच. पण हाच मोशे फारोसमोर उभा राहिला होता आणि सोन्याचे वासरू पाहून त्याने दगडी पाट्या फोडल्या होत्या.

चौथी पायरी: आता ग्रीक कान लावा

मत्तयाचे वाचक ग्रीक बोलणारे होते, तेव्हा बाजारात, शाळेत हा शब्द कसा वापरला जात होता तेही पाहायला हवे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात या गुणाला रागाच्या दोन टोकांमधली जागा दिली आहे. एका टोकाला तापट माणूस, दुसऱ्या टोकाला ज्याला राग यायला हवा तिथेही येत नाही असा. मधला माणूस योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच वेळ रागावतो. तरी हा गुण क्षमेकडे थोडा झुकलेला असतो, असेही तो सांगतो. मोशे आणि मंदिरातला येशू या चौकटीत सहज बसतात. मात्र ॲरिस्टॉटलचा माणूस हा मान-अपमान सांभाळणारा स्वतंत्र नागरिक आहे. स्तोत्रातल्या माणसाची जमीन गेलेली आहे. हा फरक पुसू नका.

माणसाळलेल्या जनावरांसाठीही हाच शब्द वापरत. इथे एक चूक फार पसरली आहे. ‘प्राऊस म्हणजे युद्धासाठी तयार केलेला घोडा, काबूत ठेवलेली ताकद’ असे पुष्कळ प्रवचनांत ठासून सांगतात. झेनोफनने घोडेस्वारीवरच्या ग्रंथात शिंगराच्या माणसाळलेपणाबद्दल हा शब्द वापरला आहे, हे खरे. पण ॲरिस्टॉटल प्राण्यांविषयी लिहिताना तोच शब्द बैलाला लावतो. युद्धाच्या घोड्यासाठी राखून ठेवलेली ही संज्ञा नव्हती. चूक कशी ओळखायची? शब्दाचा अर्थ जर एकाच चित्रावर उभा असेल आणि ज्या स्तोत्रातून वचन आले त्याचे नावही निघत नसेल, तर शंका घ्या. घोड्याच्या चित्राने दीनपण नाहीसे होते आणि बळ तेवढे उरते. श्रोत्यांना ते आवडते म्हणूनच ते टिकले आहे.

पाचवी पायरी: ‘पृथ्वी’ आणि ‘वतन’ जमिनीवर आणा

ग्रीक ‘गे’ आणि हिब्रू ‘एरेत्स’ या दोन्ही शब्दांचा अर्थ पृथ्वी होतो, देश होतो आणि पायाखालची जमीनही होते. स्तोत्रात रोख देवाने दिलेल्या देशाकडे आहे. ‘वतन भोगणे’ याच्या ग्रीक क्रियापदात ‘क्लेरोस’ आहे, म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. इस्राएलाच्या वंशांना जमीन अशीच चिठ्ठ्या टाकून वाटायची होती. मराठी अनुवादकांनी इथे ‘वतन’ हा शब्द घातला याचे मला मनापासून कौतुक वाटते. पिढ्यान्पिढ्यांचा हक्क, तो हिरावला जाण्याचे दुःख, परत मिळवण्याची आस, हे सगळे मराठी माणसाला त्या एका शब्दात ऐकू येते.

गालीलात हेरोद अंतिपाचा अंमल होता आणि त्याच्यावर रोमची सत्ता. मत्तयाच्याच दाखल्यांत खंडाने लावलेला द्राक्षमळा आहे आणि बाजारात दिवसभर काम शोधत उभे असलेले मजूर आहेत. येशू त्यांच्याशी बहुधा अरामी भाषेत बोलला, ग्रीकमध्ये नव्हे. तरी दोन्ही भाषांतल्या श्रोत्यांना एकाच स्तोत्राची आठवण होणार होती: जमीन तलवार उपसणाऱ्याला मिळणार नाही, वाट पाहणाऱ्याला मिळेल. मत्तयाच्या वाचकांसाठी हा देश रुंदावून पृथ्वीएवढा झाला असावा, असे मला वाटते.

शेवटी वहीत या वचनाचे स्वतःच्या शब्दांत मराठी करा. मी असे केले होते: ‘दडपले गेले तरी जे सूडाच्या वाटेला जात नाहीत आणि देवाच्या न्यायाची वाट पाहतात ते धन्य, कारण वतन त्यांचेच होईल.’ ते लांबले आहे आणि भिंतीवर लावण्याजोगे नाही. तुमचे वाक्य तयार झाले की ते स्तोत्र 37:11, गणना 12:3 आणि मत्तय 21:5 या तिन्ही ठिकाणी बसवून पाहा. ‘मवाळ’ हा शब्द चौरंग उलथताना मोडतो. ‘काबूत ठेवलेली ताकद’ स्तोत्रातल्या लुबाडलेल्यांपाशी मोडते. माझे वाक्य गाढवावरच्या राजापाशी थोडे अडखळते, म्हणून ते मी अजून पेन्सिलीनेच लिहिलेले आहे.